गल्लीतली मांजरे : घास, पिंजरा आणि अमानत

मागच्या महिन्यात धुळ्याहून एका भगिनीचे पत्र आले. मच्छीबाजाराजवळ त्यांचे घर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दारात येणाऱ्या एका भाटीला उरलेसुरले घालायला सुरुवात केली. आज त्या दारात नऊ मांजरे आहेत. रात्री बोक्यांची भांडणे चालतात, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलींची सीट फाटते, जिन्यात घाण होते. शेजारचे भाऊजान दोनदा येऊन गेले आणि आता घरातूनच सूचना आली आहे, "गोणीत भरून लळिंगच्या कुरणात सोडून येऊ." त्या भगिनी विचारतात, "आम्ही घास घातला हाच गुन्हा झाला का? आणि नसबंदी करून घ्यायची म्हटले तर ते जायज आहे का?"

हे पत्र वाचून आम्हाला आमची स्वतःची गल्ली आठवली. जळगावात आमच्या गल्लीतही हाच प्रसंग आला होता. तिथे काय केले, काय चुकले आणि शेवटी काय जमले, तेच या वेळी सविस्तर सांगतो.

आधी गोणीबद्दल. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असते. कुठल्या छपरावर ऊब मिळते, कुठल्या नळाखाली पाणी साचते, कुठला कुत्रा कधी फिरतो, हे सगळे त्याला आपल्या गल्लीपुरते पाठ असते. अनोळखी कुरणात सोडले की यातले काहीच त्याच्या कामाचे राहत नाही. ते पहिले काही दिवस लपून बसते, भुकेने आणि तहानेने खंगते, किंवा रस्ता ओलांडताना मरते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणेही जनावराला उपाशी-तहानेले राहावे लागेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. शिवाय त्याने आपला प्रश्न सुटतही नाही. ज्या अन्नावर आणि आडोशावर ही नऊ मांजरे जगत होती, ते अन्न आणि तो आडोसा तिथेच राहतो. काही आठवड्यांत आजूबाजूची मांजरे ती जागा धरतात आणि पुन्हा पिल्ले होतात.

पिल्लांचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. भाटी साधारण नऊ आठवडे गाभण असते. एका वेळी सरासरी चार पिल्ले धरू. पाच-सहा महिन्यांची झालेली भाटी स्वतः माजावर येऊ शकते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन वेतेच धरली तरी एका भाटीची आठ पिल्ले होतात. आमच्या गल्लीत चार भाट्या होत्या, म्हणजे वर्षाला बत्तीस. यातली बरीच पिल्ले पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सर्दीने, जुलाबाने, कुत्र्यांनी किंवा गाडीखाली मरतात. दरवर्षी हे आपल्या दारात घडते आणि आपण त्याला निसर्ग म्हणतो. पण त्या भाटीला आपण रोज खाऊ घालतो, म्हणून तिला वेते जास्त झेपतात. म्हणजे घास घालणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. त्या भगिनींचा घास गुन्हा नव्हता. तो अर्धवट राहिला होता, एवढेच.

आता जायज-नाजायजचा प्रश्न. मांजराशी आपले नाते जुने आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूचे पाणी मांजराला पिता यावे म्हणून भांडे कलते केले होते. सूनबाईंना आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा (स.) हवाला देऊन सांगितले की मांजर नापाक नाही, ते आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. आणि मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस तर आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. तिने त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही.

नसबंदीबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. जनावराचे खच्चीकरण नापसंत मानणारेही आहेत. पण हनफी फिक्हच्या 'फतावा आलमगिरी'त याचा स्पष्ट उल्लेख आहे. मांजराचे खच्चीकरण फायद्यासाठी किंवा त्रास टाळण्यासाठी असेल तर हरकत नाही, आणि विनाकारण असेल तर नाही, असा त्याचा आशय आहे. खान्देशच्या वाचकांना हेही सांगायला हवे की हा ग्रंथ ज्यांच्या देखरेखीखाली संकलित झाला ते शेख निजाम बुऱ्हाणपूरचे होते. म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडचे, जुन्या खान्देशच्या राजधानीचे. तरीही ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच पुढे जावे. विचारताना प्रश्न पूर्ण सांगावा : मांजर भूल देऊन, डॉक्टरकडून, आणि पुन्हा त्याच जागी सोडण्यासाठी. अर्धा प्रश्न विचारला तर उत्तरही अर्धेच मिळते.

पैशाबद्दलही लगेच सांगून टाकू. या कामात जकातीचा पैसा घालू नये. जकातीचे हकदार ठरलेले आहेत आणि ती माणसे आहेत. नफली सदका मात्र यासाठी जरूर द्यावा. आमच्या गल्लीत पाच घरांनी दर जुम्म्याला थोडे थोडे एका डब्यात टाकले, त्यातूनच सगळा खर्च निघाला.

आता कामाकडे वळू. आम्ही पहिली गोष्ट केली ती पिंजऱ्याची नव्हे, घासाची. तोपर्यंत गल्लीत कोणी सकाळी दूध-पोळी टाकायचे, कोणी दुपारी सालनाची हाडे, कोणी रात्री उरलेली बिर्याणी. अन्न दिवसभर पडलेले असायचे. त्यावर घुशी यायच्या, कुत्री यायची, मुंग्या लागायच्या आणि भांडण व्हायचे. पाचही घरांच्या बायकांनी मिळून ठरवले की घास एकाच वेळी, एकाच जागी आणि एकाच हाताने पडेल. वेळ असर आणि मगरिबच्या मधली ठेवली. जागा मशिदीच्या दारापासून, मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यापासून दूर, एका बंद गोदामाच्या मागच्या भिंतीलगतची निवडली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही वसाहतीतल्या जनावरांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून आणि जिन्यापासून दूर असावी असे सांगितले आहे. शेजाऱ्यांशी बोलताना या नियमाचा उपयोग होतो.

भांडी मांडायची, तिथेच थांबायचे आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलून जागा पुसून घ्यायची. पहिले चार-पाच दिवस मांजरे गोंधळली. आठव्या दिवशी असरची अजान झाली की भिंतीवर रांग लागू लागली. दिवसभर अन्न पडलेले नसल्याने घुशी कमी दिसू लागल्या. शेजारचे चाचा, ज्यांचा सगळ्यात जास्त विरोध होता, ते याच आठवड्यात पहिल्यांदा गप्प झाले. रमजानात इफ्तारीच्या गडबडीत ही वेळ चुकते, म्हणून त्या महिन्यात असरची नमाज होताच घास घालून मोकळे व्हावे. वेळ बदलली तर चालते, पण ती रोज बदलू नये.

काय घालावे? मांजर मांसाहारी आहे. भात-पोळीने त्याचे पोट फुगते, पोषण होत नाही. बाजारातले कोरडे खाद्य असेल तर मोठ्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ, पुरते. घरचे करायचे तर चिकन किंवा स्वस्तातली मासळी नुसत्या पाण्यात उकडावी, हाडे-काटे काढावेत आणि वाटल्यास चमचाभर भात कालवावा. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण कांद्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून सालनाचा रस्सा कितीही प्रेमाने दिला तरी तो त्याच्यासाठी विषच आहे. शिजलेली हाडे टोकदार तुटतात आणि आतड्यात रुततात. कलेजी आठवड्यातून एखाद-दोनदा, रोज नको. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात आणि मग त्याच घाणीवरून तक्रारी होतात. दुधाऐवजी सावलीत मातीचे पसरट भांडे भरून ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. खान्देशच्या एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, तेव्हा घासापेक्षा या भांड्याची किंमत जास्त असते. आणि बकरी ईदच्या तीन दिवसांत चरबी, आतडी गल्लीत उघडी पडू देऊ नयेत. आपली मांजरे आजारी पडतातच, शिवाय चार गल्ल्यांची कुत्री गोळा होतात.

घासाची वेळ बसली की मोजणी आपोआप होते. आमच्या मुलीने वहीत प्रत्येक मांजराचे पान केले, मोबाइलवर फोटो काढले आणि आठ दिवस कोण येते ते लिहिले. सात मोठी मांजरे निघाली. नर की मादी हे लांबूनही बऱ्यापैकी कळते. पूर्ण वाढलेल्या बोक्याचे गाल फुगीर आणि मान जाड असते. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमीच भाटी असते. तांबड्यांमध्ये बोके जास्त असतात, पण तांबडी भाटीही असतेच, म्हणून शेपटी वर झाली की पाहून खात्री करावी. आमच्याकडे चार भाट्या आणि तीन बोके होते.

सातही एकदम जमणार नव्हते, म्हणून आधी भाट्या घेतल्या. यामागचे कारण सोपे आहे. तीनपैकी दोन बोक्यांची नसबंदी केली तरी उरलेला एक चारही भाट्यांना पुरतो. उलट एका भाटीची केली की तेवढी वेते नक्की थांबतात. मात्र चारपैकी एक भाटी जरी सुटली तरी वर्षाला आठ पिल्ले होतातच. म्हणून हे काम अर्ध्यावर सोडण्यासारखे नाही. सुरू करायचे तर शेवटच्या भाटीपर्यंत न्यायचे. बोक्यांची नंतर करावी, कारण त्यांची भांडणे, रात्रीचे ओरडणे आणि भिंतीवर मुतण्याचा उग्र वास त्याने कमी होतो. हा फरक दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे लगेच निराश होऊ नये.

वेळ निवडताना आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरला. थंडी सरू लागली की भाट्या माजावर येतात आणि पुढे उन्हाळ्यात गल्लोगल्ली पिल्ले दिसतात. त्याआधी काम उरकलेले बरे. दुसरे कारण ऊन. भुलीतल्या जनावराला स्वतःच्या अंगाचे तापमान सांभाळता येत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला पिंजरा म्हणजे भट्टीच.

पिंजरा धरण्याआधी डॉक्टर ठरवावा. मुंबईत महापालिकेने २०१९ पासून भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतली, पण आपल्याकडे बहुधा खासगी पशुवैद्यकाकडेच जावे लागते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही आधी चौकशी करून ठेवावी. डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. मांजरांच्या शस्त्रक्रिया ते नेहमी करतात का? न पकडता येणारे जंगली मांजर पिंजऱ्यातूनच भूल देऊन घेतील का? टाके आपोआप विरघळणारे घालतील का? कारण टाके काढायला हे मांजर पुन्हा हाती लागणार नाही. आणि भुलीतच रेबीजची लस देऊन डाव्या कानाचे टोक साधारण एक सेंटिमीटर सरळ कापतील का? ही कानाची खूण जगभर चालते. तिच्यामुळे लांबूनच कळते की हिची झाली आहे, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तिला पुन्हा पकडते आणि तिचे पोट उगीच पुन्हा उघडले जाते. भाटीचा खर्च बोक्यापेक्षा जास्त येतो, कारण तिचे पोट उघडून गर्भाशय आणि अंडकोश काढावे लागतात. फी आधीच ठरवून घ्यावी.

पिंजरा आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. अडीच-तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. जाळी एक इंचापेक्षा मोठी नको, नाहीतर घाबरलेले मांजर तोंड खुपसून नाक सोलून घेते. पुढे वरून पडणारे दार, आत दोन तृतीयांशावर पाय पडताच ते दार सोडणारी पट्टी आणि मागे सरकते झाकण. पडलेले दार मांजराला उचलता येऊ नये अशी कडी हवी. आमच्या पहिल्या पिंजऱ्याला ती नव्हती, आणि पहिला बोका दोन मिनिटांत दार उचलून निघून गेला. तो पुढे दोन महिने पिंजऱ्याजवळ आला नाही.

आधीचे सात-आठ दिवस दार वर बांधून ठेवून पिंजऱ्यातच घास ठेवावा. पहिल्या दिवशी दाराशी, मग हळूहळू आत. पकडायच्या आदल्या दिवशीचा घास बंद ठेवावा, पाणी मात्र चालू ठेवावे. एक दिवसापेक्षा जास्त उपाशी ठेवू नये. या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घराला सांगून ठेवावे. एका घरातून चपाती पडली तरी सगळा बेत वाया जातो.

पकडायचे ते नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच जागी. पिंजरा सपाट जमिनीवर ठेवावा, डुगडुगता कामा नये. तळाला वर्तमानपत्र घालावे म्हणजे जाळी पायाला टोचत नाही. पट्टीच्या पलीकडे वासाची वस्तू ठेवावी. आम्ही भाजलेला बोंबील वापरला. दाराशी त्याचे दोन बारीक तुकडे, बस्स. जास्त ठेवले तर मांजर बाहेरच पोट भरते. आपण दहा-पंधरा पावलांवर बसावे, पण पिंजरा सोडून घरात जाऊ नये. दार पडताच मांजर जाळीवर आपटू लागते. त्या क्षणी जाड चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाकावी. अंधार झाला की मिनिटाभरात ते शांत बसते. जाळीत बोट घालू नये, "बिचारी" म्हणून कुरवाळायलाही नाही. चावा किंवा ओरखडा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद-चुना लावून थांबू नये.

संध्याकाळी पकडलेले मांजर रात्रभर झाकलेल्या पिंजऱ्यात, मुलांपासून दूर, शांत खोलीत ठेवावे. अन्न नाही, थोडे पाणी. सकाळी त्याच पिंजऱ्यात डॉक्टरकडे न्यावे.

इथे आमची चूक सांगतो. तिसरी भाटी, करड्या पट्ट्यांची, अगदी सहज आली. आम्ही खूश झालो. रात्रभर ती ओरडत होती, ते आम्ही घाबरल्यामुळे असेल असे धरले. सकाळी डॉक्टरांनी भूल देऊन तिचे केस काढले आणि म्हणाले, "हिला दूध आहे. पिल्ले कुठे आहेत?" आम्हाला माहीत नव्हते. डॉक्टरांनी पोटाच्या मधोमध चीर न देता कुशीतून शस्त्रक्रिया केली, म्हणजे पिल्लांनी पिताना टाक्यांना धक्का लागू नये. ती शुद्धीवर येईपर्यंत गल्लीतल्या बायका आणि मुले पिल्ले शोधत होती. दुपारी गोदामाच्या माळ्यावर पोत्यांमागे तीन सापडली. एक मेलेले होते. संध्याकाळी ती नीट चालू लागल्यावर माळ्याच्या पायथ्याशी दार उघडले, तेव्हा ती थेट वर गेली.

ते एक पिल्लू आमच्या हिशेबावर आहे. कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आम्ही किती वेळा ऐकली होती, पण त्या रात्री पिंजऱ्याची कडी आमच्याच हाताने लागली होती. तेव्हापासून आमचा नियम आहे की आदल्या आठ दिवसांत प्रत्येक भाटीचे पोट पाहायचे. अंगावर पाजणाऱ्या भाटीची स्तनाग्रे मोठी, लालसर दिसतात आणि त्यांच्या भोवतीचे केस झिजलेले असतात. खाऊन झाल्यावर ती रेंगाळत नाही, एकाच दिशेने घाईने निघून जाते. अशी भाटी दिसली तर तिच्या मागे जाऊन पिल्ले शोधावीत आणि ती स्वतः खायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबावे. नजर चुकून पकडलीच तर दार उघडून सोडून द्यावी. डॉक्टरकडे पोहोचल्यावर कळले तर त्यांच्याशी बोलून त्याच दिवशी संध्याकाळी परत आणावी. पोट स्पष्ट दिसणाऱ्या गाभण भाटीलाही आम्ही सोडून देतो आणि पिल्ले झाल्यावर पुन्हा बोलावतो. त्या आठ आठवड्यांतच पिल्लांना हातात घ्यायची सवय लावली तर त्यांना घर मिळते. पुढे ती माणसाला बिचकू लागतात.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक दिवस आणि भाटीला दोन-तीन दिवस ठेवावे. शुद्धीवर येईपर्यंत पिंजऱ्याखाली गोणपाट, वर चादर. पंखा किंवा कूलर थेट अंगावर नको आणि डिसेंबरच्या रात्री उघड्यावरही नको. डोके धरून उभे राहता आले की आधी पाणी, मग थोडासा घास. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी चादर जरा उचलून पाहावे. जखमेतून रक्त थेंब-थेंब पडत असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल, जखम सुजून वास येत असेल किंवा टाक्यातून काही बाहेर डोकावत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. दुखते म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. मांजराला अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते. दुखण्याचे औषध डॉक्टरांनीच टोचलेले असावे.

सोडायचे ते जिथून धरले तिथेच. पिंजऱ्याचे तोंड रस्त्याकडे नको, भिंतीकडे किंवा आडोशाकडे असावे. दार उघडून बाजूला व्हावे. बहुतेक मांजरे बाणासारखी पळतात आणि एक-दोन दिवस दिसत नाहीत. घास त्याच वेळी ठेवत राहावे, ती परत येतात.

आमच्या चारही भाट्या फेब्रुवारीच्या आत झाल्या आणि दोन बोके झाले. तिसरा, तो दार उचलून पळालेला, मार्चमध्ये हाती लागला. त्या उन्हाळ्यात गल्लीत नवी पिल्ले झाली नाहीत. माळ्यावरची दोन पिल्ले आज दोन घरांत आहेत. दुसऱ्या वर्षी कोणीतरी रात्री एक गाभण भाटी आणून सोडली. वहीत तिचे नवे पान उघडले आणि पुन्हा पहिल्यापासून केले. हे असे चालूच राहते. कान पाहायचा, वही पाहायची, नवे कोण आले ते पाहायचे.

धुळ्याच्या भगिनींना आमचे सांगणे एवढेच की गोणी बाजूला ठेवा. आजपासून घासाची वेळ आणि जागा एक करा, आठ दिवस मोजा, भाऊजानना ती वही दाखवा आणि डॉक्टरांची तारीख घ्या. नऊपैकी भाट्या किती आहेत आणि त्यातल्या पाजणाऱ्या किती, ते आधी पाहा. पिंजरा हवा असेल तर संपादकांमार्फत कळवा. आमचा सध्या रिकामा आहे, आणि त्याला आता कडीही आहे.